लांबचा ऑप्शन घेतला की मार्जिन का घटतं? एका हिशेबाची पार्श्वभूमी

ऑप्शन विकणाऱ्याला प्रीमियम लगेच मिळतो, पण तोटा त्या प्रीमियमच्या कितीतरी पट होऊ शकतो. म्हणून त्याच्याकडून मार्जिन, म्हणजे तारण म्हणून अडकवलेली रक्कम, घेतलं जातं. विकलेल्या ऑप्शनच्या पलीकडचा, लांबच्या स्ट्राइकचा, म्हणजे करारात ठरलेल्या लांबच्या भावाचा, स्वस्त ऑप्शन विकत घेतला की हे मार्जिन एकदम खाली येतं. ही सवलत नेमकी कशातून येते, हे मार्जिन मोजण्याची पद्धत कशी बदलत गेली ते पाहिल्यावर कळतं.

एप्रिल 1973 मध्ये शिकागोत शेअर ऑप्शन्सचा पहिला संघटित बाजार सुरू झाला. तिथले नियम साच्यांवर चालत. उघडा, म्हणजे जोडीला खरेदी नसताना, विकलेला ऑप्शन असेल तर मूळ शेअरच्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांवरून मार्जिन, आणि खरेदी-विक्रीची जोडी ओळखीच्या साच्यात बसली तर दोन स्ट्राइकमधल्या फरकाइतकं. एकाच खात्यात अनेक पोझिशन्स एकत्र आल्या की हे साचे अपुरे पडत.

1988 मध्ये शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने स्पॅन ही पद्धत आणली आणि मोजणीची दिशाच बदलली. स्पॅन ‘ही कोणती स्ट्रॅटेजी आहे’ हे बघत नाही. किंमत आणि व्होलॅटिलिटी एका दिवसात किती हलू शकते याची 16 चित्रं घेऊन प्रत्येकात संपूर्ण पोर्टफोलिओचा नफा-तोटा काढला जातो. त्यातला सर्वांत मोठा तोटा हा मार्जिनचा गाभा. एखाद्या चित्रात विकलेला ऑप्शन तोटा देत असताना घेतलेला नफा देत असेल, तर दोन्हींची वजाबाकी आपोआप होते. सवलतीचं मूळ हेच. लांबच्या ऑप्शनला वेगळी सूट कोणी देत नाही, तो फक्त सर्वांत वाईट चित्र कमी वाईट करतो.

आकडे घेऊन पाहू. सोयीसाठी सगळं पॉइंटमध्ये आणि गृहीत धरलेलं. इंडेक्स 20,000 वर आहे, एक्सपायरी महिनाभर लांब. 19,000 चा पुट, म्हणजे त्या भावाला विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन, 100 ला विकला. सर्वांत वाईट चित्रात इंडेक्स 18,000 वर येतो, व्होलॅटिलिटी वाढते आणि तो पुट 1,120 चा होतो. तोटा 1,020. आता 18,500 चा पुट 40 ला घेतला. त्याच चित्रात तो 750 चा होतो, म्हणजे 710 चा फायदा. निव्वळ तोटा उरला 310.

हातात राहणारा प्रीमियम मात्र 100 वरून 60 वर आला. तरी मार्जिनवरचा परतावा, म्हणजे निव्वळ प्रीमियम भागिले स्वतःचे अडकलेले पैसे, 100/1,020 म्हणजे 9.8 टक्क्यांवरून 60/310 म्हणजे सुमारे 19.4 टक्क्यांवर जातो. छेदात कोणता आकडा धरला ते इथे तपासायला हवं. ब्रोकरच्या पडद्यावरच्या मार्जिनमध्ये मिळालेला प्रीमियम आधीच वजा झालेला असतो, किंवा नसतो, आणि दोन हिशेब त्यावरूनच वेगळे येतात.

भारतात स्पॅनवर एक जादा मार्जिन लागतं, ते विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर करारमूल्याच्या 2 टक्के. खरेदीमुळे ते कमी होत नाही. वरच्या उदाहरणात 20,000 चे 2 टक्के, म्हणजे 400, दोन्हीकडे छेदात मिळवले तर परतावा 7 वरून जेमतेम 8.5 टक्क्यांवर जातो. 1 जून 2020 पासून लागू झालेल्या नव्या चौकटीत हेज केलेल्या पोझिशन्सचं मार्जिन बरंच उतरलं आणि लांबचा ऑप्शन घेणं लहान खात्यांच्या आवाक्यात आलं. डिसेंबर 2020 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या पीक मार्जिनमुळे पोझिशन दिवसातल्या कोणत्याही क्षणी तपासली जाऊ लागली. त्यामुळे क्रमही महत्त्वाचा झाला. आधी खरेदी, मग विक्री, आणि बाहेर पडताना विकलेला ऑप्शन आधी परत घ्यायचा. उलट केलं तर मधल्या वेळात उघड्या पोझिशनचं पूर्ण मार्जिन लागतं.

आता या परताव्यातली सर्वांत मोठी चूक. 310 हा एका दिवसाच्या धक्क्याचा अंदाज आहे. या जोडीचा खरा कमाल तोटा दोन स्ट्राइकमधला फरक 500 वजा निव्वळ प्रीमियम 60, म्हणजे 440. धक्क्याच्या दिवशी दोन्ही पुटमध्ये वेळेचं मूल्य शिल्लक असतं, म्हणून तोटा 310 वर थांबतो. एक्सपायरीला ते मूल्य संपतं, आणि इंडेक्स 18,500 च्या खाली असेल तर 440 पूर्ण जातात. एक्सपायरी जवळ येईल तसं मार्जिनही वर सरकतं, पोझिशन तीच असूनही. म्हणून 60/310 शेजारी 60/440, म्हणजे 13.6 टक्के, हाही आकडा मांडावा. दोन जोड्या तुलनेला घेताना मी दुसऱ्यावरच जास्त भरवसा ठेवतो, कारण पहिल्याचा छेद एक्स्चेंज बदलू शकतं आणि दुसऱ्याचा नाही.