बर्फाच्या क्रशरसाठी लॅडर प्रोग्रॅम: होल्डिंग, सेट-रीसेट आणि दुहेरी कॉइल

किनारपट्टीवरील ज्या बर्फ कारखान्यांचे पॅनेल आम्ही सांभाळतो, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका कारखान्यात वीज गेली असता कामगार क्रशरच्या तोंडाशी अडकलेली लादी काढत होता, आणि वीज परत येताच कोणीही बटण न दाबता मोटर सुरू झाली. सुदैवाने त्याने हात नुकताच बाहेर घेतला होता.

त्या प्रोग्रॅममध्ये स्टार्ट बटणाने M500 सेट होत असे, स्टॉप बटणाने रीसेट होत असे, आणि M500 वरून मोटरचा Y0 चालत असे. सेट केलेला बिट रीसेट होईपर्यंत तसाच राहतो. शिवाय त्या पीएलसीत M500 ची स्थिती वीज गेल्यावरही टिकत होती. आम्ही तेथे होल्डिंगची ओळ घातली:

```
LD  X0
OR  Y0
AND X1
OUT Y0
```

X0 हे स्टार्ट आहे. X1 हे स्टॉप असून त्याचे बटण एनसी जोडलेले आहे, त्यामुळे त्याची तार तुटली तरी मोटर थांबते. वीज गेली की Y0 सुटतो, होल्डिंगही सुटते, आणि पुन्हा स्टार्ट दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. तरीही लादी काढण्यापूर्वी मुख्य आयसोलेटर बंद करून कुलूप लावलेच पाहिजे. प्रोग्रॅम त्याची जागा घेऊ शकत नाही.

पुढे कोणीतरी सफाईसाठी जॉग बटण X2 बसवून खाली `LD X2`, `OUT Y0` अशी ओळ जोडली, आणि स्टार्ट दाबूनही क्रशर चालेना. पीएलसी ओळी वरून खाली सोडवतो व आउटपुट स्कॅनच्या शेवटी बाहेर पाठवतो, म्हणून वरच्या ओळीने चालू केलेला Y0 खालची ओळ लगेच बंद करत होती. हीच दुहेरी कॉइल. मॉनिटरवर वरच्या ओळीतील X0 आणि X1 दोन्ही चालू दिसत असताना कॉइल मात्र बंद दिसली, तर प्रोग्रॅममध्ये तोच पत्ता शोधावा.

X2 हे Y0 च्या होल्डिंगला समांतर जोडणे हा उपाय नव्हे, कारण मग जॉग सोडल्यावरही मोटर चालूच राहील. होल्डिंग M0 वर घ्यावे आणि Y0 ची कॉइल एकदाच लिहावी:

```
LD  X0
OR  M0
AND X1
OUT M0
LD  M0
OR  X2
AND X1
OUT Y0
```

सेट-रीसेट आम्ही ओव्हरलोडच्या अलार्मसाठी ठेवले आहे, कारण रिले थंड होऊन पूर्ववत झाला तरी बिघाडाची खूण ऑपरेटरने पाहीपर्यंत राहिली पाहिजे. तेथे एकाच बिटावर अनेक सेट चालतात. मात्र रीसेटची ओळ सेटच्या वर असेल, तर दोन्ही अटी एकदम खऱ्या असताना सेटच जिंकतो. त्याच बिटावर साधी OUT कॉइल लिहिली, तर तीही दुहेरी कॉइलच होते.