काळ्या दगडाची तांबडी रेघ

गोव्याच्या किंवा सिंधुदुर्गातल्या रेडीच्या लोहखनिजाचा ताजा फोडलेला, चकचकीत तुकडा पाहिला तर तो पोलादासारखा करडा-काळा दिसतो. त्यात लाल काही आहे अशी शंकाही येत नाही. तोच तुकडा झिलई नसलेल्या पांढऱ्या पोर्सेलिनवर ओढला की रेघ मात्र विटकरी लाल उमटते. या रेघेला भूविज्ञानात ‘कस’ म्हणतात. हेमॅटाइट हे लोहाचे खनिज करडे असो, काळे असो, मातीसारखे तांबडे असो की अभ्रकासारखे पापुद्र्यांचे असो, त्याचा कस लालच येतो. वरच्या रंगापेक्षा चूर्णाच्या रंगावर अधिक भरवसा ठेवावा, हे आज भूविज्ञानाच्या अगदी सुरुवातीच्या प्रात्यक्षिकात शिकवले जाते. पण खनिजविज्ञानाला ही गोष्ट सहज गवसलेली नाही, आणि ती पटायला जो वेळ लागला त्यात हेमॅटाइटचा वाटा मोठा आहे.

घासून पारखण्याची कल्पना जुनीच. सोनार कसोटीच्या दगडावर सोने घासतात आणि रेघेवरून त्याचा दर्जा ठरवतात. ग्रीक लेखक थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस लिडिया प्रांतातल्या नदीत सापडणाऱ्या अशा दगडाचे वर्णन केले आहे. आपल्याकडे कौटिलीय अर्थशास्त्रातल्या सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात कसोटीचा विचार बारकाईने आला आहे. कलिंगातला किंवा तापीतला, मुगाच्या रंगाचा दगड कसोटीसाठी उत्तम, असे तिथे सांगितले आहे. त्याच जागी फसवणुकीचे प्रकारही दिले आहेत. त्यातला एक असा, की नखात दडवलेली गेरूची पूड रेघेवर भुरभुरायची. गेरूला त्याचा रंग हेमॅटाइटच्या बारीक कणांमुळेच येतो. म्हणजे ज्या खनिजाची गोष्ट मी सांगतो आहे, त्याच्या चूर्णाचा रंग किती गडद आणि चिवट असतो हे त्या काळच्या लबाडांना पक्के ठाऊक होते.

तरीही सोन्याची कसोटी आणि खनिजाचा कस या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. सोने मऊ आणि चिवट असते, त्याची पूड होत नाही. दगडावर धातूचाच पातळ लेप बसतो आणि तो सोनेरीच दिसतो. पारखी त्याची तुलना ठाऊक दर्जाच्या सोन्याच्या रेघेशी करतो. तिथे पदार्थ कोणता हा प्रश्न नसतो, त्यात भेसळ किती हा असतो. खनिजे बहुधा ठिसूळ असतात. घासल्यावर त्यांचे बारीक कण सुटतात आणि त्या कणांचा रंग पाहायचा असतो. काळ्या कसोटीवर सोने उठून दिसते, पण मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची काळी किंवा पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाची हिरवट-काळी पूड त्याच दगडावर दिसणार कशी? खनिजांसाठी पार्श्वभूमी पांढरी हवी होती, शिवाय ती कठीण आणि खरखरीतही हवी होती. अशा कामाला योग्य असे खरे, कठीण पोर्सेलिन युरोपात अठराव्या शतकाच्या आधी तयार होत नव्हते. १७१० मध्ये सॅक्सनीतल्या मायसेन इथे पोर्सेलिनचा कारखाना सुरू झाला. झिलई देण्याआधी एकदा भाजलेल्या पोर्सेलिनला कुंभारकामात बिस्किट म्हणतात. पुढे खनिजे घासायला हेच बिस्किट वापरात आले.

त्याच सॅक्सनीत, फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत, खनिजे ओळखण्याची शिस्त बसवली ती आब्राहाम गॉटलोब वेर्नर यांनी. त्यांचे खनिजांच्या बाह्य लक्षणांवरचे पुस्तक १७७४ साली आले तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी ते अकादमीत शिकवू लागले. रसायनशास्त्र त्या वेळी वेगाने पुढे जात होते, पण प्रत्येक दगडाचे पृथक्करण करणे खाणीत उतरणाऱ्या माणसाला शक्य नव्हते. म्हणून डोळ्यांनी, हातांनी, नाकाने, जिभेने काय कळते याची वेर्नर यांनी नीट यादी केली आणि प्रत्येक लक्षणासाठी ठरावीक शब्द दिले. रंगांवर त्यांनी विशेष मेहनत घेतली. एकेका रंगाच्या छटांना त्यांनी नावे दिली, ती छटा कोणत्या खनिजात दिसते हेही नोंदवले. कसही त्यांच्या यादीत होता, पण अनेक लक्षणांपैकी एक म्हणून. सुरीने किंवा दुसऱ्या कठीण वस्तूने ओरखडा काढायचा आणि ओरखड्याचा रंग मूळ रंगासारखाच आहे की वेगळा, हे लिहून ठेवायचे, अशी त्यांची रीत होती.

वेर्नर यांची ही शिस्त मला फार मोलाची वाटते, पण तिची मर्यादा लोहखनिजांतच उघडी पडते. त्यांच्या वर्गीकरणात चकाकणारे करडे-काळे लोहखनिज ही एक जात होती आणि तांबडे, मातकट किंवा गाठाळ लोहखनिज ही दुसरी. डोळ्यांना ते पटतेच: एक आरशासारखे, दुसरे गेरूसारखे. पण दोन्हींचा कस लाल होता. आतला पदार्थ एकच असल्याची खूण वेर्नर यांच्याच यादीत होती, मात्र वरच्या रूपाला त्यांनी जास्त वजन दिले होते. पुढे स्फटिकांची मापे आणि रासायनिक पृथक्करण यांतूनही तेच निघाले आणि दोन्ही जाती एका नावाखाली आल्या. वेर्नर यांच्यानंतर १८१८ मध्ये फ्रायबर्गला आलेले फ्रीडरिश मोस आपल्याला कठिनतेच्या मापश्रेणीमुळे माहीत आहेत. त्यांच्या खनिजवर्णनांत कठिनता आणि विशिष्ट गुरुत्वाच्या जोडीला कसालाही पक्की जागा मिळाली. बिनझिलईच्या पोर्सेलिनवर घासण्याची पद्धतही एकोणिसाव्या शतकात रुळली. त्यामुळे कोणी कशाने ओरखडा काढला यातला फरक संपला आणि एकाने काढलेली रेघ दुसऱ्याच्या रेघेशी ताडून पाहता येऊ लागली.

चूर्ण खरे बोलते आणि पृष्ठभाग फसवतो, याचे कारण प्रकाश दगडात किती खोल जातो यात आहे. हेमॅटाइटच्या मोठ्या, गुळगुळीत स्फटिकावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरूनच परततो. तो जवळपास सर्व रंगांचा असतो, म्हणून धातूसारखी करडी चमक दिसते. जो प्रकाश आत शिरतो तो जाड स्फटिकातून बाहेर येतच नाही. घासल्यावर कण इतके बारीक होतात की प्रकाश त्यांच्या आरपार जाऊ शकतो. त्या वाटेवर हेमॅटाइटमधले लोह निळा आणि हिरवा प्रकाश शोषते, लाल सोडून देते. मॅग्नेटाइटमध्ये लोह दोन अवस्थांत असते आणि त्यांच्यामधल्या इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीमुळे सगळेच रंग शोषले जातात, म्हणून त्याची पूड कितीही बारीक केली तरी काळीच राहते. गोएथाइट या गंजात आढळणाऱ्या लोहखनिजात लोहाबरोबर हायड्रॉक्सिल असते. त्याचा कस पिवळसर तपकिरी येतो. उलट जांभळ्या किंवा हिरव्या फ्लुओराइटचा रंग अत्यल्प अशुद्धींमुळे आणि स्फटिकातल्या दोषांमुळे येतो. पूड केली की तो इतका फिका होतो की रेघ पांढरी दिसते.

आता गोव्याच्या खाणपट्ट्यातले तीन गडद तुकडे घेऊ. तिन्ही जड आहेत, तिन्हींवर पिवळट गंज चढला आहे. आधी प्रत्येक तुकडा फोडून ताजी बाजू काढायची. हे टाळले तर गंजातल्या गोएथाइटचाच पिवळा-तपकिरी कस मिळेल आणि तिन्ही दगड सारखेच वाटतील. ताजी कड पोर्सेलिनवर बेताच्या जोराने दोन सेंटिमीटर ओढायची, सुटलेले जाड कण फुंकून टाकायचे आणि रेघ उजेडात पाहायची. पहिल्याची रेघ लाल आली, लोहचुंबक त्याला जवळजवळ ओढत नाही: हे हेमॅटाइट. दुसऱ्याची रेघ काळी आली आणि चुंबक झडप घालून चिकटला: हे मॅग्नेटाइट. तिसरा कोड्यात टाकतो. त्यात मॅग्नेटाइटचे असतात तसे अष्टफलकी स्फटिक दिसतात, पण रेघ लालसर आहे आणि चुंबक किंचित ओढतो. हे मार्टाइट. म्हणजे मूळचे मॅग्नेटाइट ऑक्सिजन शोषून हेमॅटाइट झाले आहे, पण स्फटिकाचा जुना आकार तसाच राहिला आहे. रेघ लाल-काळी असेल तर बदल अर्धवट झाला आहे असे समजायचे. गोव्याच्या पट्टेदार लोहखनिजात मार्टाइट सापडते, त्यामुळे आकार पाहून निर्णय घेणारा तिथे हमखास चुकतो. कणकवली भागात आणखी एक काळे, जड खनिज मिळते, ते क्रोमाइट. त्याचा कस गडद तपकिरी असतो आणि तेवढ्या फरकाने ते मॅग्नेटाइटपासून वेगळे काढता येते.

पोर्सेलिनचा तुकडाही फसवू शकतो. आधीच्या खनिजाची रेघ त्यावर राहिली असेल तर नवा रंग त्यात मिसळतो. अशा वेळी ओल्या बारीक वाळूने किंवा भांडी घासायच्या पावडरीने तो घासून घ्यावा. घरातल्या भिंतीच्या टाइलची मागची बाजू वापरायची असेल तर ती पांढऱ्या मातीची आहे ना, ते आधी पाहावे. पुष्कळ टाइली मागून विटकरी असतात आणि त्यांवर हेमॅटाइटची रेघ शोधत बसावे लागते. कपाच्या बुडाची बिनझिलईची कड त्यापेक्षा बरी. पट्टेदार खनिजात क्वार्ट्झचे थर असतात. घासताना तेच पोर्सेलिनला लागले तर रेघ फिकी येते, म्हणून काळ्या थराची कड निवडून घासावी.

क्वार्ट्झची अडचण खरे तर या पद्धतीचीच सीमा दाखवते. पोर्सेलिनची कठिनता मोस मापश्रेणीवर साधारण साडेसहा ते सातच्या दरम्यान असते. क्वार्ट्झ, गार्नेट, पुष्कराज यांसारखी खनिजे त्याच्याइतकी किंवा त्याहून कठीण. ती घासली तर ओरखडा पोर्सेलिनवरच पडतो आणि दिसणारी पांढरी पूड पोर्सेलिनची असते. बोटाने पूड पुसून पाहावी: खाली चर राहिली असेल तर ती रेघ खनिजाची नव्हती. अशी खनिजे पोलादी खलात कुटून त्यांची पूड पांढऱ्या कागदावर पाहतात. पण सिलिकेट खनिजांची पूड बहुतेक वेळा पांढरी किंवा अगदी फिकट निघत असल्याने त्यातून फारसे हाती लागत नाही. दख्खनच्या बेसाल्टातल्या झिओलाइटांचे आणि ॲपोफिलाइटचेही तसेच. पुणे-जळगावकडचे हिरवे ॲपोफिलाइट आणि त्याच्या शेजारचे गुलाबी स्टिलबाइट दोन्ही पांढरीच रेघ देतात, त्यांच्यासाठी स्फटिकाचा आकार आणि पाटन, म्हणजे तो कोणत्या सपाट पातळीत दुभंगतो, हे पाहावे लागते. कस उपयोगी पडतो तो मुख्यतः ऑक्साइड आणि सल्फाइड खनिजांत, म्हणजे धातूंच्या खाणीत. तिथेही तो खनिज कोणते एवढेच सांगतो. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोह जवळपास ७० टक्के असते, पण लाल रेघ देणाऱ्या दगडात प्रत्यक्षात ते किती आहे हे ठरवायला नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.