बर्फाच्या टाकीचं माप आणि वीजदराचे तास

रात्री बर्फ करायचा आणि दिवसा तो वितळवून इमारत गार ठेवायची, ही कल्पना वीजदरापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत 1930-40 च्या सुमारास चर्च, नाट्यगृहं आणि डेअऱ्यांमध्ये ती रुजली, तेव्हा रात्रीच्या स्वस्त विजेचा प्रश्नच नव्हता. चर्चला थंडावा लागायचा रविवारी सकाळी दोन-तीन तास. तेवढ्यासाठी मोठा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा छोटा घेऊन आठवडाभर हळूहळू बर्फ साठवणं परवडायचं. आपल्याकडच्या डेअऱ्यांत आजही हेच चालतं. सकाळ-संध्याकाळ दूध येतं तेव्हा घटकाभर प्रचंड थंडावा लागतो, म्हणून आईस बँक टँकमधल्या नळ्यांवर मधल्या वेळेत बर्फाचा थर चढवून ठेवतात. तिथे टाकीचं माप दुधाचे लिटर ठरवतात. वीजबिल त्यात फार नंतर आलं.

या यंत्रांची क्षमता ज्यात मोजतात तो टन हाही बर्फाचाच हिशेब आहे. 2000 पौंड बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन रेफ्रिजरेशन, म्हणजे टीआर. एक टीआर थंडावा तासभर दिला की एक टीआर-तास होतो आणि तेवढ्यासाठी साधारण 38 किलो बर्फ लागतो. पुढचा सगळा हिशेब या एकाच आकड्यावर उभा आहे.

वीजदर या गोष्टीत शिरला तो 1970 च्या दशकातल्या तेलसंकटानंतर. अमेरिकेत 1978 साली पर्पा नावाचा कायदा झाला आणि राज्यांच्या नियामकांना वेळेनुसार बदलणाऱ्या दरांचा विचार करणं भाग पडलं. दुपारच्या वातानुकूलनासाठी नवी वीजकेंद्रं उभारण्यापेक्षा ग्राहकालाच रात्री बर्फ करायला पैसे देणं कंपन्यांना स्वस्त वाटू लागलं. 1980 च्या दशकात तिथे अशा टाक्यांवर भरघोस सवलती मिळाल्या. त्याच सुमारास तयार मॉड्यूलर टाक्या बाजारात आल्या. प्लॅस्टिकच्या गोल टाकीत पाणी, त्यात नळ्यांची वेटोळी आणि नळ्यांतून पाणी आणि 25 टक्के ग्लायकॉल यांचं, शून्याखालीही न गोठणारं मिश्रण. रात्री हे मिश्रण उणे पाच-सहा अंशांवर फिरतं आणि नळ्यांभोवती बर्फ धरतो. दिवसा तेच मिश्रण इमारतीतली उष्णता घेऊन परत येतं आणि बर्फ आतून, नळीच्या बाजूने वितळत जातो. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कजवळच्या बँक ऑफ अमेरिका टॉवरच्या तळघरात अशा 44 टाक्या आहेत.

महाराष्ट्रात हा हिशेब जमला तो दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर लावणाऱ्या टीओडी मीटरमुळे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांसाठी बरीच वर्षं एक ठरलेलं वेळापत्रक होतं. रात्री 10 ते सकाळी 6 युनिटमागे दीड रुपया सूट, सकाळी 9 ते 12 ऐंशी पैसे जादा, संध्याकाळी 6 ते रात्री 10 एक रुपया दहा पैसे जादा, उरलेल्या वेळी नुसता मूळ दर. सल्लागारांच्या सादरीकरणांत रात्रीची ती दीड रुपयाची सूट ठळक अक्षरांत असायची. माझ्या मते टाकीचे पैसे वसूल व्हायचे ते दुसऱ्याच एका कलमामुळे, आणि त्याकडे फार थोड्यांचं लक्ष होतं. युनिटांखेरीज बिलात मागणी आकार असतो, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्यावरची रक्कम. तो लावताना महिन्यातली कमाल मागणी धरायची ती सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत नोंदलेली. रात्री चिलर, म्हणजे थंडावा तयार करणारं यंत्र, कितीही जोरात चालला, तरी त्याने बिलातली मागणी चढत नव्हती.

हे आकड्यांत पाहू. पुण्यातलं एक कार्यालय धरू, सकाळी 8 ते रात्री 8 चालणारं. मे महिन्यातल्या कडक दिवशी सकाळी 8 वाजता त्याचा भार 250 टीआर आहे, तो चढत चढत दुपारी 2 ते 4 मध्ये 500 ला पोचतो आणि रात्री 8 ला पुन्हा 250 वर येतो. ताशी आकड्यांची बेरीज 4800 टीआर-तास. टाकी नसेल तर 500 टीआरचा चिलर हवा.

सगळा भार रात्रीवर ढकलायचा म्हटलं तर आठ तासांत 4800 टीआर-तासांचा बर्फ करायचा, म्हणजे ताशी 600 टीआर. पण चिलर बर्फ करत असताना त्याची क्षमता घटते, कारण त्याला सात अंशांऐवजी उणे पाच-सहा अंशांचं ग्लायकॉल द्यावं लागतं. 100 टीआरचा चिलर तेव्हा 65-70 टीआरच देतो. 67 धरले तर या पूर्ण साठवणीला 900 टीआरचा चिलर लागेल. हे कुणी करत नाही.

म्हणून अंशतः साठवण. चिलर दिवसाही चालतो, रात्रीही चालतो, आणि दुपारी त्याला जे पेलत नाही ते बर्फ देतो. N ही चिलरची टीआरमधली क्षमता धरली, दिवसाचे 12 आणि रात्रीचे 8 तास धरले, तर समीकरण असं:

N × 12 + N × 0.67 × 8 = 4800

यातून N येतो 277 टीआर. पण सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास 250 चाच आहे, म्हणजे त्या वेळी चिलर पूर्ण भरत नाही. ते दोन तास वेगळे काढले की N होतो 280 आणि टाकी 280 × 0.67 × 8, म्हणजे 1500 टीआर-तास. ताशी आलेखात 280 च्या वर उरणारा भागही बेरीज करून बरोबर 1500 भरतो. ही पडताळणी कागदावर पाच मिनिटांत होते, आणि ती न करता केलेलं माप मी तरी मान्य करणार नाही.

1500 टीआर-तास म्हणजे जवळपास 57 टन बर्फ. नळ्या आणि मोकळी जागा धरून टाक्यांना 110 घनमीटरच्या आसपास जागा लागते. एवढाच थंडावा नुसत्या गार पाण्यात, आठ अंशांच्या फरकाने साठवायचा तर 570 घनमीटर पाणी लागेल. शहरातल्या इमारतीत बर्फ का, याचं उत्तर यात आहे.

आता पैसे. दिवसा टीआरमागे 0.7 किलोवॉट आणि रात्री बर्फ करताना 0.85 धरू, मूळ दर युनिटला 8 रुपये धरू. टाकीतले 1500 टीआर-तास दिवसा केले असते तर 1050 युनिटं लागली असती, रात्री 1275 लागतात. सवलत, अधिभार सगळं लावून कडक दिवशी वाचतात सव्वातीनशे रुपये. महिन्याला आठ हजारांच्या घरात. दीड रुपयाच्या सुटीतला मोठा वाटा बर्फाची जादा वीजच खाऊन टाकते. आता मागणी बघा. दुपारचे 220 टीआर कमी झाले, म्हणजे मागणी ज्या एककात मोजतात त्यात सुमारे 160 केव्हीए. केव्हीएला 450 रुपये मागणी आकार धरला तर महिन्याला 72 हजार. शिवाय 500 ऐवजी 280 टीआरचा चिलर, त्याच मानाने लहान कूलिंग टॉवर, लहान ट्रान्सफॉर्मर. भारनियमनाच्या काळात आणखी एक फायदा दिसला. वीज गेली की जनरेटरवर फक्त पंप ठेवायचे, बर्फ इमारत सांभाळतो.

पण मागणीवरचा हा फायदा नाजूक आहे. बिलाच्या नियमात या महिन्याची मागणी आधीच्या 11 महिन्यांतल्या सर्वांत जास्त बिलमागणीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी धरत नाहीत. मे महिन्यात एका दुपारी 4 वाजता बर्फ संपला आणि राखीव चिलर सुरू करावा लागला, तर ती नोंद पुढे बरेच महिने बिलात बसते.

बर्फ वेळेआधी का संपतो? एक कारण चालवण्यात असतं. सकाळी सवलत नसलेल्या वेळी वीज वाचवावी म्हणून ऑपरेटर बर्फ आधी वापरतो आणि चिलर मंद ठेवतो. मग दुपारी हात रिकामे. दुसरं कारण मापातच असतं. टाकीवर 1500 लिहिलेलं असलं तरी शेवटचा बर्फ हवा त्या वेगाने मिळत नाही. आतून वितळणाऱ्या टाकीत नळी आणि बर्फ यांच्यात पाण्याचा थर वाढत जातो आणि ग्लायकॉल परत येताना गरम होत जातं. सुरुवातीला दोन-तीन अंश देणारी टाकी शेवटी सहा-सात अंश देते. म्हणून उत्पादकाकडून नुसते टीआर-तास घेऊन भागत नाही. दुपारी 4 ते 5 या तासाला 200 टीआर किती अंशांवर मिळतील, हे विचारावं लागतं.

टाकीतला साठा पाण्याच्या पातळीवरून कळतो, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. रोज संध्याकाळी पातळी मूळ खुणेवर येत नसेल, तर कुठेतरी बर्फ वितळायचा राहतोय आणि दुसऱ्या रात्री त्यावर नवा थर चढतोय. तशा वेळी आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण वितळवून घेतात.

हे सगळं माप रात्री स्वस्त आणि दिवसा महाग या गृहीतावर बसवलेलं होतं. सौर वीज वाढली आणि ते गृहीत फिरलं. केंद्राने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. दिवसातल्या आठ सौर तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा, आणि व्यावसायिक-औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या वेळी तो किमान 1.20 पट. 10 किलोवॉटवरच्या अशा ग्राहकांसाठी 1 एप्रिल 2024 पासून. महाराष्ट्राची दिशाही आता तीच आहे. दुपार स्वस्त, संध्याकाळ महाग.

आपल्या पुण्याच्या कार्यालयाचं काय होईल? संध्याकाळी 5 ते 8 चिलर बंद ठेवायचा तर तेवढ्या तीन तासांचेच 1020 टीआर-तास हवेत. दुपारी 280 च्या वरचा भार तर चुकत नाही, तो 5 वाजेपर्यंतच 1290 होतो. बेरीज 2310, आणि टाकी 1500 ची. नव्याने बांधायचं असतं तर मध्यरात्री 12 ते सकाळी 8 बर्फ करून सुमारे 340 टीआरचा चिलर आणि 1835 टीआर-तासांची टाकी निघाली असती. स्वस्त दुपारी बर्फ करावा म्हटलं, तर तोच चिलर त्याच वेळी इमारतीला गुंतलेला असतो. त्यासाठी फक्त बर्फाचा असा वेगळा चिलर घ्यावा लागतो. जुनी इमारत त्यामुळे तूर्त एवढंच करू शकते. दुपारची कपात आधीसारखीच ठेवायची, मे सोडून इतर महिन्यांत भार उतरला की उरलेला बर्फ 5 नंतर वापरायचा, आणि रात्रीचा चार्ज 10 ऐवजी गर्दीचे तास संपल्यावर सुरू करायचा.