भाटकाराच्या जमिनीवरचं घर: गोव्यातल्या एका आत्मकथनाची पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या एका कुळागराच्या कडेला आमचं घर होतं. मातीच्या भिंती, चुडतांचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. मिरगाआधी दरवर्षी छप्पर शाकारायचं. चुडतं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या माडांची, त्यामुळे तीही मागून आणायची. आई म्हणायची, "घर आमचें, भूंय तांची." लहानपणी मला हे वाक्य नुसतं तक्रारीचं वाटायचं. गोव्यातल्या गरिबीची अख्खी कायदेशीर व्याख्या त्यात आहे, हे फार उशिरा कळलं.

भाटकाराच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणारा तो मुंडकार. बहुतेकदा त्याच भाटात माडांची राखण, नारळ गोळा करणं, पडेल ते काम करायचं. घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं असलं, तरी कौलं घालायची, विहीर खणायची, विजेची तार ओढायची, तर आधी भाटकाराच्या होकाराची वाट बघायची. त्याची मर्जी गेली की बिऱ्हाड उचलायचं. गोवा 19 डिसेंबर 1961ला मुक्त झाला. ही अवस्था मात्र त्या दिवशी संपली नाही.

पुढचे टप्पे थोडक्यात असे. कुळांना संरक्षण देणारा कायदा 1964चा, पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळातला. त्याच काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, 1975 साली आला. राहत्या घरासोबत भोवतालची थोडी जमीन विकत घेण्याचा हक्कही त्याने दिला. पंचायत क्षेत्रात ती ढोबळमानाने 300 चौरस मीटर. मात्र हे आपोआप होत नाही. मामलेदाराकडे अर्ज करायचा, आपण मुंडकार असल्याचं सिद्ध करायचं, तो ठरवेल ती किंमत भरायची.

आता लिहिण्याकडे येतो, कारण या नोंदीचं निमित्त तेच. एका स्मरणिकेसाठी मी स्वतःबद्दल लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात लिहिलं: "पेज आणि सुक्या बांगड्यावर वाढलेला मुलगा जिद्दीने शिकला आणि आज स्वतःच्या बंगल्यात राहतो." शब्दन् शब्द खरा होता, पण त्यातून मामलेदार गायब होता. मी जिद्दीने शिकलो, पण ज्या जमिनीवर बंगला आहे ती जिद्दीने मिळालेली नाही. ती वडिलांच्या अर्जाने आणि विधानसभेच्या एका मतदानाने मिळाली. तिची आजची किंमत तर माझ्या कुठल्याच गुणामुळे वाढलेली नाही. बाहेरच्या लोकांना गोव्यात घरं हवी झाली, म्हणून वाढली.

दुसरा खर्डा उलट्या टोकाला गेला. "एसीत बसून हे लिहिताना अपराधी वाटतं," असं एक वाक्य त्यात उतरलं. ते वाचून बायको हसली. "मग बंद कर की एसी," म्हणाली. खरं तर मला अपराधी वाटतच नव्हतं. वाचकाने मला गर्विष्ठ म्हणू नये, म्हणून आधीच भरून ठेवलेला तो दंड होता. माझी तीस वर्षांची नोकरी आणि घराचं कर्ज त्या वाक्याने झाकून टाकलं.

तिसऱ्या वेळी मी विशेषणं काढली आणि क्रम लावला. छप्पर चुडतांचं होतं, तेव्हा मी मराठी शाळेत दुसरीत. अर्जावर वडिलांनी अंगठा उठवला, तेव्हा पाचवीत. जमीन नावावर झाल्यावरच कौलं आली. नोकरी लागल्यावर संडास, कर्ज काढून वरचा मजला. अशी मांडणी केल्यावर काय कायद्याने दिलं, काय आईबापांनी आणि काय मी केलं, हे वाचकाला आपोआप दिसतं. तिथे मला कुठलाच सूर लावावा लागत नाही.

एक गोष्ट मात्र या क्रमात बसेना. भाटकारीणबाय मला तिच्या मुलांची जुनी पुस्तकं द्यायची, आणि तिच्याच नवऱ्याने आमच्या अर्जाला विरोध केला. दोन्ही मी शेजारी-शेजारी लिहिलं. मध्ये 'पण' घातला नाही.

खर्डा शेजारच्या मावशीला वाचून दाखवला. तिचं घर आमच्यासारखंच, पण भाटकाराच्या अंगणातलं. पगारावर ठेवलेला, मालकाच्या आवारात राहणारा घरगडी कायद्याने मुंडकार ठरत नाही. तिचा नवरा गडी होता असं भाटकाराचं म्हणणं, तर राखणीचा पगार कधी मिळालाच नाही असं तिचं. पगार मिळाला नाही याचा कागद कुठून आणायचा? तिच्या घरावर आजही सिमेंटचे पत्रे आहेत. तिने सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्या अर्जाला साक्षीदार कोण होता, तें बरयलां मरे?"

लिहिलं नव्हतं. साक्षीदार तिचा नवराच होता.