समासातली बेरीज

दोन चलांच्या संयुक्त संभाव्यता घनतेतून एका चलाची घनता वेगळी काढली की तिला ‘मार्जिनल’ म्हणतात. मार्जिन म्हणजे वहीचा समास. हे नाव कागदावरच्या कोष्टकातूनच आलंय.

1886 साली फ्रान्सिस गाल्टनने 205 कुटुंबांतल्या 928 प्रौढ मुलामुलींच्या उंचीचा तक्ता छापला. आडव्या ओळीत आईवडिलांची सरासरी उंची, उभ्या रकान्यात मुलांची. (बायकांची उंची 1.08 ने गुणून पुरुषांच्या मापात आणलेली.) प्रत्येक ओळीची बेरीज उजव्या कडेला, रकान्याची तळाला. फक्त आईवडिलांच्या उंचीचा विचार करायचा तर उजव्या कडेचे आकडे पुरतात, कारण मुलांची उंची त्या बेरजेत जिरून गेलेली असते.

तक्त्याचे काही कोपरे रिकामे होते, पण बेरीज करताना रिकामी घरं आपोआप शून्य धरली जातात. गाल्टनसाठी केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सनने याच आकड्यांमागचं द्विचल सामान्य वितरण मांडलं. तिथे बेरजेच्या जागी संकलन आलं, तरी अडचण आली नाही. ती घनता सगळ्या प्रतलावर पसरलेली असते, त्यामुळे मर्यादा कायम −∞ ते ∞.

खरी गोची होते ती घनता त्रिकोणापुरती असली की. रिकामी घरं आता सूत्रात दिसत नाहीत, ती फक्त मर्यादांमध्ये उरतात. समजा

f(x, y) = 8xy, 0 < x < y < 1

x ची घनता हवी, म्हणजे y संकलनाने घालवायचा. आकृती काढून x पाशी एक उभी रेघ ओढा. ती त्रिकोणात शिरते y = x ला आणि बाहेर पडते y = 1 ला. म्हणून मर्यादा x ते 1, आणि उत्तर 4x(1 − x²). y साठी रेघ आडवी, मर्यादा 0 ते y, उत्तर 4y³.

घाईत 0 ते 1 घेतलं तर 4x येतं. त्याचं 0 ते 1 संकलन 2 भरतं, म्हणजे चूक लगेच सापडते. दुसरी चूक मात्र लबाड आहे. 0 ते x घेतलं तर 4x³ येतं, आणि त्याचं संकलन चक्क 1! ‘एकूण 1 आलं, झालं’ म्हणणारा इथे फसतो. आपण त्रिकोणाच्या पलीकडच्या, म्हणजे रिकाम्या अर्ध्या भागावर बेरीज केलेली असते, आणि 8xy दोन्ही बाजूंना सारखंच असल्याने ताळा जुळतो. त्यापेक्षा सरासरी पाहावी. x नेहमी y पेक्षा लहान असताना चुकीच्या उत्तराने दोघांचीही सरासरी 4/5 येते, जे शक्यच नाही. बरोबर उत्तराने x ची सरासरी 8/15 येते.