ग्लुटिनस तांदूळ आणि ग्लुटेन

शिजल्यावर दाणे एकमेकांना घट्ट धरून राहणारा, हाताने गोळा करून खाता येणारा तांदूळ म्हणजे ग्लुटिनस तांदूळ. थायलंड आणि लाओसमध्ये तो रोजच्या जेवणात असतो, जपानी मोची त्याचीच करतात, आणि आसामात त्याच्या जातींना ‘बोरा’ म्हणतात. या तांदळात ग्लुटेन, म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन, नसते. तरीही गहू बंद केलेल्या माणसाच्या हातात त्याच्या पिठाची पिशवी आली की तो ती बहुधा नाव वाचूनच परत ठेवतो.

घोटाळा लॅटिन भाषेतला आहे. लॅटिनमध्ये ‘ग्लुटेन’ म्हणजे डिंक, खळ. त्यावरून ‘ग्लुटिनस’ म्हणजे चिकट, एवढाच अर्थ. गव्हातल्या चिवट पदार्थाला हेच नाव मिळाले, कारण तोही डिंकासारखा. इटलीतल्या बोलोन्याच्या बेकारी या शास्त्रज्ञाने तो पिठातून धुऊन वेगळा काढल्याचे वर्णन 1745 साली छापले गेले. म्हणजे दोन वेगळ्या वस्तूंना एकाच गुणावरून नाव पडले. पुढे 1950 च्या सुमारास डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी सीलिएक आजाराचा संबंध गव्हाशी दाखवला. या आजारात ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते. तेव्हापासून ‘ग्लुटेन’ हा शब्द काही घरांत धोक्याचा झाला आणि तांदळाचे जुने नाव उगाच संशयात सापडले. अजिनोमोटोतल्या ‘ग्लुटामेट’चेही असेच झाले आहे. तो अंश पहिल्यांदा गव्हाच्या ग्लुटेनमधून काढला म्हणून ते नाव, एरवी त्यात ग्लुटेन नसते.

मग हा तांदूळ चिकटतो कशाने? पिष्टाने. तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात. अमायलोजची साखळी जवळजवळ सरळ असते आणि अमायलोपेक्टिनला फांद्या फुटलेल्या असतात. अमायलोज जास्त असेल तितका भात मोकळा होतो. ग्लुटिनस तांदळात अमायलोज बनवणारे जनुक काम करत नाही, त्यामुळे पिष्ट जवळजवळ सगळे अमायलोपेक्टिनचे असते. म्हणून तो रात्रभर भिजवून वाफेवर शिजवतात. साध्या भातासारखा पाण्यात उकळला तर लगदा होतो. आपला इंद्रायणी शिजल्यावर चिकट होतो तोही अमायलोज कमी असल्यामुळे, पण तो ग्लुटिनस तांदूळ नव्हे.

ओळखायचे झाले तर कच्चा दाणा बघावा. साधा तांदूळ काचेसारखा अर्धपारदर्शक असतो, ग्लुटिनस तांदूळ खडूसारखा पांढरा. दाणा फोडून त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला की साधा तांदूळ निळा-काळा होतो, ग्लुटिनस तांदूळ तांबूस-तपकिरी. मात्र ही परीक्षा अमायलोजची आहे. ग्लुटेन आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

ग्लुटेन डोळ्यांनी पाहायचे असेल तर 100 ग्रॅम मैदा घट्ट मळावा, अर्धा तास झाकून ठेवावा आणि पातेल्यातल्या पाण्यात हलक्या हाताने धूत राहावा. पाणी दुधासारखे होते, ते पिष्ट. चार-पाच वेळा पाणी बदलल्यावर हातात 25-30 ग्रॅमचा रबरासारखा ताणणारा गोळा उरतो, तेच ओले ग्लुटेन. ग्लुटिनस तांदळाच्या पिठाचा गोळा असाच धुतला तर तो पाण्यात विरघळल्यासारखा पसरतो आणि हातात काही राहत नाही. तांदळातही प्रथिने असतात, पण ती गव्हासारखी जाळे विणत नाहीत आणि सीलिएकच्या रुग्णाला बाधत नाहीत.

सोलापूरच्या माणसाला यातले बरेच आधीपासून ठाऊक आहे, फक्त शब्द वेगळे आहेत. ज्वारीत ग्लुटेन नसते, तरी शाळूच्या ताज्या पिठाची भाकरी पातळ थापता येते. बायका याला पिठाची ‘जिगट’ म्हणतात. पीठ जुने झाले की जिगट जाते, भाकरीच्या कडा फाटतात, मग आधणाचे पाणी घालून मळावे लागते. गरम पाण्याने पिष्ट फुगते आणि तेच पीठ धरून ठेवते. म्हणजे चिकटपणा दिसला की ग्लुटेन, हा हिशोब भाकरीच्या परातीतच चुकतो.

कुरडईच्या बाबतीत तो उलटा चुकतो, आणि तिथे नुकसान होते. उन्हाळ्यात गहू तीन दिवस भिजवून, वाटून, पिळून जो ‘चीक’ काढतात तो मुख्यतः पिष्ट असतो. ग्लुटेनचा मोठा भाग कोंड्याबरोबर चोथ्यात जातो. ‘मग कुरडई चालेल की’ असे कुणी म्हणेल. चालत नाही. घरच्या पिळण्याने आणि निवळण्याने ग्लुटेन पूर्ण निघत नाही, आणि उरलेले किती हे जिभेला कळत नाही. सीलिएकच्या रुग्णाने गव्हाची कुरडई खाऊ नये. गच्चीवर तीच गोष्ट तांदळाची वाळत असेल तर ती चालते, फक्त सोऱ्या आणि कापड गव्हाच्या चिकाचे नकोत.

ग्लुटिनस तांदळाचे पीठ विकत घेताना म्हणूनच पुढचे नाव सोडून मागची बाजू वाचावी. घटकांत फक्त तांदूळ आहे का आणि ॲलर्जीच्या ओळीत गव्हाचा उल्लेख आहे का, हे दोन प्रश्न. ‘ग्लुटेनमुक्त’ असे लिहिले असेल तर भारतीय नियमाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्याच पिशवीवर ‘ग्लुटिनस’ आणि ‘ग्लुटेनमुक्त’ हे दोन्ही शब्द असू शकतात, आणि दोन्ही खरे असतात. हॉटेलात मात्र तांदळापेक्षा त्यावर काय ओतले ते विचारावे, कारण सोया सॉस बहुधा गहू घालूनच आंबवलेला असतो.

आता गिरणी. समजा, गव्हाचे दळण उतरल्यावर त्याच चक्कीत एक किलो तांदूळ टाकला आणि आधीचे फक्त 5 ग्रॅम गव्हाचे पीठ, म्हणजे चमचाभर, त्यात आले. गव्हाच्या पिठात साधारण दहावा भाग ग्लुटेन धरला तर ते 500 मिलिग्रॅम झाले, मर्यादेच्या पंचवीस पट. पीठ दिसायला पांढरेशुभ्रच राहते. सोलापुरात काही गिरण्यांत ज्वारीची चक्की वेगळी असते, त्याने फरक पडतो, पण पीठ झाडायचा ब्रश आणि हवेत उडणारी पिठी एकच असते. काही जण आधी मूठभर तांदूळ दळून तो बाजूला काढायला सांगतात. त्याने गव्हाचा अंश कमी होतो, किती ते सांगता येत नाही. घरची लहान चक्की घेऊन ती गव्हाला कधीच न लावणे हा खर्चिक पण खात्रीचा उपाय आहे.

आणि भाताला फोडणी देण्याआधी हिंगाची डबी उलटून बघावी. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात मैदा मिसळलेला असतो.