एकाच तेलाचे दोन आकडे: ६८ की १३५?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात लूमच्या गिअरबॉक्ससाठी ६८ नंबरच्या तेलाचा डबा आला, असं समजा. डेटाशीटवर ४० अंश सेल्सिअसला व्हिस्कॉसिटी ६८ cSt, १०० अंशांना ८.७ cSt आणि १५ अंशांना घनता ०.८८० g/cm³ असं छापलंय. कुणीतरी सकाळी, तेल २५ अंशांवर असताना, फिरत्या दांडीच्या व्हिस्कोमीटरवर तपासलं, तर आकडा आला १३५ cP. सप्लायरला फोन लावून ‘दुप्पट घट्ट माल पाठवलाय’ म्हणून भांडण्याआधी हे दोन आकडे कशाचे आहेत ते बघायला हवं.

पॉइज, सेंटिपॉइज म्हणजे cP, आणि पास्कल सेकंद ही तिन्ही एकाच राशीची, व्हिस्कॉसिटीची, एककं आहेत. तेलाचे थर एकमेकांवरून सरकवायला किती जोर लागतो, ते ही सांगतात. पॉइज हे सेंटिमीटर-ग्रॅमच्या जुन्या पद्धतीतलं एकक, बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या प्वाझय या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून आलेलं. पास्कल सेकंद म्हणजे एका चौरस मीटरमागे न्यूटन, गुणिले सेकंद. एका न्यूटनमध्ये १,००,००० डाइन आणि एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणून भागाकार १० येतो: १ पास्कल सेकंद म्हणजे १० पॉइज, म्हणजेच १,००० सेंटिपॉइज. त्यामुळे cP आणि mPa·s, म्हणजे मिलिपास्कल सेकंद, हे तंतोतंत एकच. लेबल बदलतं, आकडा बदलत नाही. आपले १३५ cP म्हणजे १.३५ पॉइज किंवा ०.१३५ पास्कल सेकंद. इथे नुसता दशांश चिन्हाचा खेळ आहे.

स्टोक्सचं तसं नाही. तेलकंपन्या काचेच्या बारीक नळीतून तेल स्वतःच्या वजनाने खाली उतरू देतात आणि लागलेले सेकंद मोजतात. तेल जड असेल तर ते जास्त ओढीने उतरतं, त्यामुळे या मोजणीत घनता आपोआप मिसळलेली असते. हातात येते ती व्हिस्कॉसिटी भागिले घनता. १ स्टोक्स म्हणजे सेकंदाला १ चौरस सेंटिमीटर आणि त्याचा शंभरावा भाग सेंटिस्टोक्स, म्हणजेच डेटाशीटवरचं cSt, म्हणजे १ mm²/s. काही डेटाशीटवर cSt न लिहिता mm²/s लिहितात, गोष्ट तीच. उलट, फिरत्या दांडीला तेल किती अडवतं हे मोजणारं यंत्र घनता न मिसळता थेट cP देतं.

```
cP = cSt × घनता (g/cm³)
```

घनता इथे g/cm³ मध्येच हवी. डेटाशीटवर ८८० kg/m³ असेल आणि तोच आकडा गुणलात, तर उत्तर हजारपट फुगेल.

आता ४० अंशांचा हिशेब. घनता दिलीय १५ अंशांची. अशा खनिज तेलाची घनता दर अंशाला साधारण ०.०००६५ ने उतरते. २५ अंशांच्या फरकाने ती ०.८६४ च्या आसपास येते. ६८ × ०.८६४ = ५८.८ cP, म्हणजे ०.०५८८ पास्कल सेकंद. घनता न सुधारता ०.८८० च धरली असती तर ५९.८ आले असते. कारखान्याच्या कामाला दोनेक टक्क्यांचा हा फरक चालून जातो. माझ्या मते घनतेवर डोकं खाजवण्यापेक्षा तापमानाकडे बघावं. खरी गडबड तिथेच होते.

ती पकडायची सोपी युक्ती आहे. cP ला cSt ने भागा. उत्तर तेलाची घनता यायला हवं. इथे १३५ भागिले ६८ म्हणजे जवळजवळ २. पाण्यावर तरंगणाऱ्या तेलाची घनता २ कशी असेल? म्हणजे दोन आकडे वेगवेगळ्या तापमानांचे आहेत. डेटाशीटच्या दोन बिंदूंवरून लॉगरिदमच्या नेहमीच्या सूत्राने काढलं, तर २५ अंशांना या तेलाची व्हिस्कॉसिटी सुमारे १५५ cSt भरते. १३५ भागिले १५५ म्हणजे ०.८७. हे जुळलं. तेल बरोबर आहे, फोन करायची गरज नाही. ६८ हा नंबरही ४० अंशांचाच असतो आणि त्यात दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ६१.२ ते ७४.८ cSt, चालतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात लूम तासन्‌तास चालल्यावर तेल ५० अंशांवर गेलं, तर तेच तेल सुमारे ४३ cSt, म्हणजे साधारण ३७ cP वर येतं. सकाळच्या १३५ च्या पाव पटीच्या जरा वर.

एका ठिकाणी मात्र हा गुणाकार लावू नये: विणण्याआधी सुताला लावतात ती सायझिंगची खळ. स्टार्चची खळ जोरात ढवळली की पातळ वागते, हळू ढवळली की घट्ट. तिचा cP आकडा कुठल्या दांडीवर, मिनिटाला किती फेऱ्यांवर आणि किती अंशांना घेतला, ते सोबत लिहिलेलं नसेल, तर त्याचे सेंटिस्टोक्स करण्यात काही अर्थ नाही.